राणी, सुतळी बॉम्ब आणि दिवाळीपर्यंतचा दीड महिना

प्रश्न: डॉक्टर, आमची राणी सात वर्षांची लॅब्रॅडॉर. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. आधी ती फटाक्यांना भ्यायची नाही, गेल्या दिवाळीपासून घाबरायला लागली. यंदा गणपती आगमनाच्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन बसली ती रात्री उशिरापर्यंत बाहेर आली नाही. विसर्जनाला लाळ गळत होती, घरातच लघवी झाली. आता कुकरच्या शिट्टीलाही दचकते. एरवी खाणंपिणं चांगलं आहे, फक्त वजनामुळे जिना चढायचा कंटाळा करते. शेजारचे म्हणतात लाड करू नका, आणखी भित्री होईल. दिवाळीत झोपेची गोळी देऊन झोपवून ठेवली तर चालेल का?

उत्तर: ताई, आधी जिन्याबद्दल बोलू. गोळीकडे नंतर येतो.

सहा वर्षं फटाक्यांकडे ढुंकूनही न पाहणारी कुत्री सातव्या वर्षी भ्यायला लागली, की मी कानांच्या आधी तिची कंबर, गुडघे आणि कोपर तपासतो. मुळात भित्रं असलेलं कुत्रं बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या दिवाळीतच तसं दिसतं. उशिरा सुरू झालेल्या भीतीमागे पुष्कळदा दुखणं असतं. मोठा आवाज झाला की अंग एकदम आखडतं. सांधा आधीच दुखरा असेल तर त्या क्षणी कळ येते, आणि कुत्र्याच्या डोक्यात आवाज आणि कळ यांची गाठ बसते. ‘धडाम झालं की दुखतं’ एवढाच त्याचा हिशोब. २०१८ साली ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी आवाजाला भिणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या निम्म्यांना हाडा-स्नायूंचं दुखणं होतं, आणि त्यांची भीती बाकीच्यांपेक्षा सरासरी चारएक वर्षं उशिरा सुरू झालेली निघाली. कुत्री थोडीच होती, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या लॅब्रॅडॉरांशी हे चित्र तंतोतंत जुळतं.

तेव्हा ‘कंटाळा’ हा शब्द सध्या बाजूला ठेवा. राणी दुपारची झोप काढून उठते तेव्हा पाहा. पुढचे पाय टेकून मागचा भाग ओढत उठते का? बसताना एक पाय बाहेर टाकते का? गाडीत चढताना थबकते का? मोबाईलवर दोन व्हिडिओ काढा, एक ती झोपेतून उठतानाचा आणि एक तुमच्यापासून दूर चालत जातानाचा. ते घेऊनच डॉक्टरांकडे जा, कारण दवाखान्यात शिरल्यावर घाबरलेलं कुत्रं लंगडायचंसुद्धा विसरतं. दुखणं निघालं तर त्यावर आधी उपचार. ते न करता आवाजाची सवय लावत बसलात तर एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्यानं काढून घ्यायचं असं होईल. आणि घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक अर्धी मोडूनसुद्धा देऊ नका. त्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. दिवाळीच्या आसपास अशी एखादी केस येतेच.

कुकरच्या शिट्टीला दचकणं ही दुसरी खूण. भीती सुतळी बॉम्बवरून सरकत साध्या आवाजांवर आली आहे. ‘होईल सवय’ म्हणून सोडून द्यायची ही वेळ नाही. दरवर्षी भरपूर फटाके ऐकून सवय झाली असती, तर कोल्हापुरातलं एकही कुत्रं भ्यालं नसतं.

लाडाबद्दल शेजाऱ्यांचं ऐकू नका. बसायला सांगितलं, बिस्कीट दिलं, की बसणं वाढतं, कारण बसणं हे वागणं आहे. भीती हे वागणं नव्हे, ती वाटते. विजा कडाडताना लेकराला जवळ घेतलं म्हणून पुढच्या वेळी ते मुद्दाम भीत नाही. राणी जवळ आली तर बसा तिच्यापाशी, मानेपासून कमरेपर्यंत सावकाश हात फिरवा. उठून गेली तर जाऊ द्या. तिला ओढून मांडीवर घेऊ नका, आणि ‘घाबरायचं नसतं’ म्हणत गॅलरीत नेऊन फटाके तर मुळीच दाखवू नका.

आता आवाजाचं. गणपती आणि दिवाळी या कुत्र्याच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक दोन्हीवर एकच उपाय करतात.

गणपतीत त्रास होतो तो डॉल्बीच्या बेसचा. हा आवाज तासन्‌तास चालतो, आणि तो नुसता कानात येत नाही, फरशीतून पंजात येतो. तुमच्या खिडकीच्या काचा थरथरतात ना, तेच. खालच्या पट्टीच्या ध्वनिलहरी कित्येक मीटर लांब असतात. दार, पडदा, गादी यांना त्या दाद देत नाहीत. कानात कापूस घालून तर काहीच होत नाही, उलट तो आत सरकला की माझ्याकडे काढायला यावं लागतं. त्यामुळे आगमनाच्या दिवशी राजारामपुरीत किंवा विसर्जनाला मिरजकर तिकटी, महाद्वार रोड, पापाची तिकटी या पट्ट्यात घर असेल, तर माझा सल्ला एकच: त्या दिवसापुरतं कुत्रं तिथून हलवा. पन्हाळ्याकडे, राधानगरीकडे, कुठं पाहुण्यांचं घर असेल तिथं, मिरवणूक सुरू व्हायच्या आधी सकाळीच. सोबत घरातलं ओळखीचं माणूस आणि तिचं रोजचं अंथरूण हवं. जागा नवी, माणसं नवी आणि वर एकटं, असं झालं तर तिथंही ते थरथरतच बसेल.

दिवाळीत मात्र पळून कुठं जाणार? खेड्यातही फटाके असतातच. पण दिवाळीचा आवाज वेगळा. तो अचानक येतो, थांबतो, आणि पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. त्यात उजेड असतो, दारूचा वास असतो, आणि कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचं ऐकू येतं. आपली मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास, त्याची ४५ पर्यंत जाते. रॉकेटची आपल्याला जी ‘सुंई’ ऐकू येते, ती त्याला फार वेगळी ऐकू येत असणार. ग्रीन फटाके आणलेत म्हणून निर्धास्त राहू नका. ते मुख्यतः प्रदूषण कमी करण्यासाठी काढले आहेत, मुके फटाके नव्हेत. कायद्यानंसुद्धा फटाक्याला ४ मीटरवर १२५ डेसिबलची मुभा आहे. आता आपल्या पेठांत फटाका ४ मीटरवर वाजतो की उंबऱ्यावर, हे तुम्हीच सांगा.

या तुटक आवाजावर मात्र खोलीचा उपयोग होतो. खोली तुम्ही ठरवू नका, राणीनं ठरवली आहे: बाथरूम. तिथं बाहेरची भिंत कमी, खिडकी लहान, उजेड नाही. तिची निवड चुकीची नाही. फक्त फरशी गार आणि निसरडी असते, दुखऱ्या कंबरेला वाईट. तिथं जाड सतरंजी आणि वर तिचं नेहमीचं अंथरूण टाका, बादल्या बाहेर काढा, फिनेल आणि साबण उचलून ठेवा. झरोक्यावर पुठ्ठा लावून चमकणारा उजेड बंद करा. दार मात्र उघडंच ठेवायचं. कोंडलेलं कुत्रं दार खरवडतं, नखं उचकटून घेतं. मला दिवाळीच्या रात्री सगळ्यात जास्त टाके घालावे लागतात ते ‘सुरक्षित राहील म्हणून’ कोंडलेल्या कुत्र्यांना.

दाराबाहेर घरातला कूलर लावा, पाण्याशिवाय, नुसता पंखा. लोक बासरी लावतात. बासरीनं बॉम्ब झाकला जात नाही, कारण दोघांच्या पट्ट्या वेगळ्या. कूलरचा घरघराट जाड आणि सलग असतो, त्यात लांबचे आवाज बरेचसे बुडतात. जवळचा सुतळी बॉम्ब बुडणार नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. आणि कूलर पहिल्या बॉम्बबरोबर लावू नका, नाहीतर कूलरचीच भीती बसेल. आजपासून रोज अर्धा तास तो लावायचा, राणीला त्याच अंथरुणावर जेवण द्यायचं. दीड महिन्यात ती जागा जेवणाची आणि झोपेची झाली पाहिजे, नुसती लपायची नव्हे.

यानंतर जे सांगतो ते फार साधं आहे, आणि त्यातच सगळ्यात जास्त चुका होतात. आवाज झाला की खाऊ. प्रत्येक आवाजाला. आवाज आधी, खाऊ मागून, एक-दोन सेकंदांच्या आत.

शिवाजी पेठेतला एक गावठी कुत्रा माझ्याकडे यायचा, टायगर. चार वर्षांचा, अंगानं काटक, दुखणं काही नाही. पोरांनी गंमत म्हणून त्याच्या मागे माळ लावली होती, तेव्हापासून बिघडला. पहिल्या दिवाळीत आजोबांनी सांगितलेली नोंद माझ्याकडे आहे: लक्ष्मीपूजनाच्या रात्री आवाज साडेअकराला थांबले, टायगरनं पहिला घास खाल्ला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आणि लघवीला बाहेर पडला तो जवळजवळ वीस तासांनी. मी त्यांना उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे करून ठेवायला सांगितले. (नुसतं उकडलेलं, मीठ-मसाल्याशिवाय. पांढऱ्या रश्श्यातलं धुऊन चालेल का, असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाही चालणार. त्यात कांदा-लसूण मुरलेला असतो, आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.) एरवी हे चिकन त्याला मिळायचं नाही, फक्त आवाजाला.

दोन आठवड्यांनी आजोबा आले ते वैतागून. “डॉक्टर, आता ते चिकनलाच भ्यायला लागलंय. वाटी काढली की पलंगाखाली.” मी विचारलं, देता कसं, दाखवा. आजींनी दाखवलं. बाहेर पोरं बॉम्बची वात पेटवताना दिसली की त्या पटकन टायगरच्या तोंडाशी तुकडा धरायच्या, म्हणजे आवाज येईपर्यंत त्याचं लक्ष खाण्यात राहील. माया होती, पण क्रम उलटा झाला होता. टायगर शिकला की चिकन आलं म्हणजे आता धडाम होणार. चिकन ही धोक्याची घंटा झाली. आम्ही चिकन बंद करून उकडलेल्या कलेजीवर आलो आणि आजींना एकच ताकीद दिली: कानानं ऐकल्याशिवाय हात वाटीत घालायचा नाही. घरात भांडं पडलं, दार आपटलं, रस्त्यावर बुलेट फाडफाड करत गेली, की ‘अगं बाई!’ असं आनंदानं म्हणायचं आणि तुकडा. महिन्याभरात दार आपटलं की टायगर आजींकडे मान वळवून बघायला लागला. ती वळलेली मान म्हणजे गणित जुळल्याची खूण.

राणीला आजपासून याच पद्धतीनं कुकरवर सुरू करा. शिट्टी हा उत्तम सराव आहे, कारण ती तुमच्या हातात आहे. पहिले काही दिवस राणी स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत, मधलं दार लोटलेलं. शिट्टी, मग तुकडा. ती आरामात खाऊ लागली की दार उघडं, मग एक खोली जवळ. तुकडा तोंडात घेऊन टाकून दिला, जीभ ओठांवरून सारखी फिरवली, झोप नसताना जांभया दिल्या किंवा पुढचा एक पंजा उचलून धरला, तर अंतर कमी पडतंय, पुन्हा लांब जा. हावरट लॅब्रॅडॉर जेव्हा मांस नाकारते तेव्हा ती नखरे करत नसते. त्या क्षणी भीतीनं पोट बंद झालेलं असतं, आणि अशा वेळी काहीही शिकवता येत नाही.

यूट्यूबवर फटाक्यांचे आवाज लावून सवय करण्याबद्दल तुम्ही पुढे विचाराल, म्हणून सांगतो. ती पद्धत चांगली आहे, पण आत्ता नको. विसर्जन नुकतंच झालं आहे, नवरात्र, दसरा, दिवाळी समोर उभी आहे. तुम्ही हळू आवाजावर एक एक पायरी चढवत असाल आणि मध्येच बाहेर खराखुरा बॉम्ब फुटला, की सगळ्या पायऱ्या ढासळतात. कोल्हापुरात या कामाला खरा मोसम जून मध्यापासून गणपतीच्या आधीपर्यंत. आषाढात संततधार असते, फटाके भिजलेले, लग्नाच्या वराती संपलेल्या, फुटबॉलचा हंगाम उरकलेला. कुणाचा संघ जिंकला म्हणून रात्री माळ लागत नाही. गडगडाट वळवाच्या पावसात जास्त, आषाढात कमी, हीसुद्धा सोय.

त्या वेळी करायचं असं. मोबाईलचा स्पीकर वापरू नका. त्यात खालची पट्टी उमटतच नाही, बॉम्ब टिकलीसारखा वाजतो. कुत्रं ढिम्म बसतं आणि माणसाला वाटतं बरं झालं. जरा मोठा, बेस असलेला स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आवाज इतका कमी, की राणीचा फक्त कान हलेल, डोकं नाही. एका बैठकीत आठ-दहा आवाज, मध्ये कधी पाच सेकंद, कधी वीस, प्रत्येकामागे तुकडा. पाच मिनिटांत आटपायचं. लागोपाठ दोन बैठका ती निवांत राहिली तर स्पीकरचा आवाज एक खूण वर. बिथरली तर दोन खुणा खाली. टायगरला दोनपासून चौदाव्या खुणेपर्यंत यायला नऊ आठवडे लागले, आणि स्पीकर दुसऱ्या खोलीत नेल्यावर पुन्हा सहावर यावं लागलं. ते अपेक्षितच होतं, कुत्रं आवाज शिकतं तसं जागाही शिकतं. रेकॉर्डिंगमध्ये उजेड नाही, वास नाही, फरशीचा हादरा नाही. त्यामुळे ही तयारी कितीही झाली तरी दिवाळीच्या रात्रीची खोली आणि वाटी सुटत नाही.

आता गोळी. झोपवून ठेवायला माझा नकार आहे, आणि त्यामागे माझी स्वतःची चूक आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत दिवाळीला मीही ट्रायफ्लुप्रोमाझिनची इंजेक्शनं देत असे. सगळेच देत. एकदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुसऱ्याच कामासाठी एका घरी गेलो होतो. संध्याकाळी इंजेक्शन दिलेली पॉमेरियन कोपऱ्यात आडवी पडलेली. घरचे खूश, ‘काय गप झोपलीय बघा.’ मी खाली वाकलो. डोळे उघडे होते, बाहुल्या मोठ्या झालेल्या. मांडीच्या आत बोट ठेवलं तर नाडी मोजता येणार नाही इतकी पळत होती. बाहेर बॉम्ब फुटला तेव्हा तिचं अंग हललं नाही, फक्त डोळा फिरला. तिला सगळं ऐकू येत होतं. पळायची सोय तेवढी मी काढून घेतली होती. पुढच्या वर्षी ती पूर्वीपेक्षा जास्त भ्याली, यात नवल नाही. या गटातली औषधं, ॲसिप्रोमाझिन धरून, अंग ढिलं करतात, रक्तदाब उतरवतात, पण एकटी दिली तर भीती तशीच राहते. ‘झोपेचं इंजेक्शन’ म्हणून कोणी ते सुचवलं तर यानं भीती कमी होते की नुसती हालचाल, एवढं विचारा. खोकल्याचं औषध किंवा माणसाची ॲलर्जीची गोळी देऊन गुंगी आणणं हाही तोच प्रकार, वर विषबाधेचा धोका.

भीती कमी करणारी औषधं वेगळी आहेत: ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम. कोणतं आणि किती, हे राणीचं वजन, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट आणि चालू औषधं बघून तिचे डॉक्टर ठरवतील, मी इथून आकडा देणार नाही. पण वेळेचं गणित तुम्हाला माहीत हवं, कारण गोळी द्यायला डॉक्टर घरी येत नाहीत. औषधाप्रमाणे एक ते दोन तास आधी ती पोटात जायला हवी. राणी थरथरायला लागल्यावर दिलेली गोळी निम्मी वाया जाते. त्या वेळी शरीर इतकं तापलेलं असतं की औषधाला पकड मिळत नाही. म्हणून घड्याळाकडे बघून द्यायची, कुत्र्याकडे बघून नाही.

आणि पहिली गोळी दिवाळीला नाही. येत्या एखाद्या शांत रविवारी, घरात माणसं असताना एकदा देऊन बघा. किती वाजता दिली, कधी सुस्तावली, किती तास राहिली, चालताना झोकांडी गेली का, हे वहीत लिहा. थोड्या कुत्र्यांना, विशेषतः अल्प्राझोलामनं, उलटंच होतं: शांत व्हायच्या ऐवजी ती अस्वस्थ फिरतात, चिडतात. हे कळायला लक्ष्मीपूजनाची रात्र नको, शांत रविवारच हवा.

राणीची भीती कुकरपर्यंत आली असल्यामुळे डॉक्टर रोज द्यायचं औषधही सुचवतील, फ्लुओक्सेटिनसारखं. त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन हे अंतर दीड महिन्याचं, म्हणजे जेमतेम पुरेल एवढं. निर्णय या आठवड्यात झाला पाहिजे. वसुबारसेला फोन करून विचाराल तर माझ्याकडे फक्त तात्पुरत्या गोळ्या उरतात. तिला कधी फिट आली असेल, किंवा दुखण्यासाठी ट्रामाडॉल सुरू असेल, तर ते आधी सांगा, ही औषधं एकमेकांत जपून द्यावी लागतात.

प्रत्यक्ष दिवाळीत लोक संध्याकाळ सांभाळतात आणि पहाट विसरतात. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून पोरं चार-पाचला रस्त्यावर असतात. त्या पहाटेची गोळी रात्री तीनच्या गजरावर द्यायची आहे. कधी कधी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतं, मग एका दिवसात दोन डोस बसतात का, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी राणीचं फिरणं दुपारी तीन-साडेतीनला, चांगलं लांब, पण कंबरेला झेपेल इतकंच. पट्टा गळ्यालाही आणि अंगातल्या हार्नेसलाही, दोन वेगळे. दचकलेलं कुत्रं मान मागे खेचून गळपट्ट्यातून कसं सुटतं ते एकदा बघितलं की विसरत नाही. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला हवा. जेवण पाचच्या आत, थोडं कमी, म्हणजे कलेजीला भूक शिल्लक राहील. साडेपाचला खिडक्या बंद, कूलर सुरू, वाटी तुमच्या हातात. पूजेला घरातले सगळे बसणार, त्यामुळे वाटीची पाळी कुणाची हे आधीच ठरवा. साडेसात ते नऊ या वेळात दोन मिनिटंही जागा सोडता येत नाही. रात्री शेवटचा आवाज झाल्यावर लगेच बाहेर नेऊ नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

बिल्डिंगमधल्या पोरांशी आधी बोलून ठेवा. ‘फटाके वाजवू नका’ म्हटलं की कोण ऐकणार? ‘सुतळी बॉम्ब कोपऱ्यावर, भुईनळे दारात’ एवढं ती ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

वहीत दर रात्री दोनच गोष्टी लिहा: राणीनं सगळ्यात मोठ्या आवाजानंतर तुकडा घेतला की नाही, आणि शेवटच्या आवाजानंतर ती पहिल्यासारखी व्हायला किती वेळ लागला. थरथरली की नाही, यावरून यश मोजू नका. थरथर शेवटी जाते, कधी कधी जातही नाही. सावरायला लागणारा वेळ आधी कमी होतो. टायगरचा पहिल्या वर्षी जवळजवळ अख्खा दिवस गेला होता. दुसऱ्या दिवाळीत खोली, वाटी आणि गोळी तिन्ही होतं, तेव्हा चाळीस मिनिटं. आषाढातल्या सरावानंतरच्या तिसऱ्या दिवाळीत आजोबांनी वहीत लिहिलं होतं, ‘दहा मिनिटं. नंतर माझ्या ताटातली करंजी पळवली.’ सुतळी बॉम्बला तो आजही उठून ट्रंकेच्या खोलीत जातो. विसर्जनाला आजोबा त्याला गगनबावड्याला लेकीकडे नेतात, त्याला पर्याय आम्हाला सापडलेला नाही.

राणीचे ते दोन व्हिडिओ या आठवड्यातच काढा.